महेश्वरचे चार धागे

धुळ्याहून इंदूरला जाणारा महामार्ग आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आहे. सासरे कापडाच्या खरेदीला याच वाटेने जात. पहाटे निघायचे, शिरपूर मागे टाकून पळासनेरला सीमा ओलांडायची, बिजासन घाट चढून सेंधव्याला चहा घ्यायचा, आणि पुढे जुलवानिया, खलघाट, धामनोद. खलघाटच्या पुलावर नर्मदा लागते. पुलावर गाडीचा वेग कमी करायचा आणि पाण्याला हात जोडायचे, हा सासऱ्यांचा परिपाठ माझ्या पतींनीही पाळला आहे. यंदा कार्तिकी पौर्णिमेनंतर आम्ही त्याच वाटेने निघालो, तेव्हा मागच्या आसनावर आमची धाकटी लेक होती आणि तिच्या पर्समध्ये तिने स्वतः कमावलेल्या पैशांचे एक पाकीट होते. त्या पैशांत तिला आपल्या होणाऱ्या सासूबाईंसाठी पहिली भेट घ्यायची होती.

साखरपुडा धुळ्यात झाला. विहीणबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती, त्यामुळे त्या येऊ शकल्या नाहीत. मुलगा, व्याही, थोरला मुलगा आणि सून आले; ओटी भरणे, नारळ देणे, सारे यथासांग पार पडले. पण ज्यांच्या हाताखाली उद्या संसार शिकायचा, त्यांना लेकीने अजून डोळ्यांनी पाहिलेही नव्हते. महिन्याभराने इंदूरहून निरोप आला, आता चालता येते आहे, मुलीला दोन दिवसांसाठी घेऊन या. निरोपाच्या शेवटी एक वाक्य होते. विहीणबाईंनी सहा वर्षांपूर्वी रेशमाचा त्याग केला आहे, तेव्हा देण्याघेण्यात ते लक्षात असू द्यावे.

लेकीचा चेहरा पडला. तिने मनात येवल्याची पैठणी धरून ठेवली होती.

खरे सांगायचे तर मला हायसे वाटले, आणि त्याचे कारण रेशीम नव्हते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी याच घरी सून म्हणून यायची होते, तेव्हा माझ्या वडिलांनी सासूबाईंना पहिल्या भेटीत भारी शालू दिला होता. वडिलांचा हात सढळ होता आणि मुलगी चांगल्या घरी पडते आहे याचा आनंदही होता. सासूबाईंनी शालू कपाळाला लावला, कौतुक केले आणि ट्रंकेत ठेवला. तो त्यांनी एकदाही नेसला नाही. कारण मला बऱ्याच वर्षांनी कळले. माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या माहेरची परिस्थिती बेताची होती. त्यांनी पहिल्या भेटीत साधे सुती पातळ दिले होते आणि सासूबाई ते आवडीने नेसत. माझा शालू अंगावर घेतला असता तर घरातल्या घरात तुलना उभी राहिली असती. शिवाय एवढ्या वस्तूची परतफेड म्हणून सासऱ्यांना माझ्या आईसाठी काही घ्यावे लागले, ते त्या वर्षी दुकानाला जड गेले. आपल्या घरांत भेट वहीत लिहिली नाही तरी मनात लिहिलीच जाते. देणाऱ्याच्या बाजूला जमा आणि घेणाऱ्याच्या बाजूला नावे.

म्हणून या वेळी मी लेकीला आधी एक फोन करायला लावला, तोही मध्यस्थ काकूंना. थोरल्या सुनेने पहिल्या भेटीत काय दिले होते, एवढेच विचारायचे. काकूंनी सांगितले, छापील सुती साडी, अंदाजे अडीच हजारांची. बस, आमची मर्यादा ठरली. अडीच हजारांच्या वर जायचे नाही आणि फार खालीही यायचे नाही. थोरलीच्या बरोबरीने उभे राहायचे, तिच्या डोक्यावरून नाही. लेक म्हणाली, ‘‘आई, माझ्याजवळ आठ हजार आहेत.’’ मी म्हटले, ‘‘उरलेले बँकेत ठेव. सासूबाईंना तुझी ऐपत दाखवायची नाही, तुझे लक्ष दाखवायचे आहे.’’

भेट साडीचीच असावी का, यावरही थोडी चर्चा झाली. चांदीची वस्तू सुचली. पण चांदी तोलून दिली जाते आणि तोलूनच घेतली जाते, तिच्यात किमतीवाचून दुसरे काही बोलायला उरत नाही. मिठाई दोन दिवसांत संपते. साडी मात्र अंगावर येते, आणि सासूने ती नेसली की नाही यावरून सुनेला बरेच काही कळते. रेशीम नको, भारी नको, पण हातात घेताच मान राखल्याचे कळले पाहिजे. इंदूरच्या वाटेवर अशा कपड्याचे एकच गाव आहे. धामनोदला महामार्ग सोडून उजवीकडे वळले की काही किलोमीटरवर महेश्वर.

गावात शिरताना ते मोठे काही वाटत नाही. बाजार, रिक्षा, साड्यांच्या दुकानांच्या पाट्या. किल्ल्याच्या दरवाजातून आत गेल्यावर मात्र आवाज बदलतो. अहिल्याबाई होळकरांनी 1767 पासून 1795 पर्यंत राज्य केले ते याच ठिकाणाहून. नगर जिल्ह्यातल्या चौंडीची ही लेक माळव्याची राणी झाली आणि इंदूर सोडून नर्मदेच्या काठी येऊन राहिली. त्यांचा वाडा पाहताना आपल्याकडच्या एखाद्या जुन्या सावकारी वाड्याची आठवण होते. लाकडी खांब, छोटे चौक, बसायची साधी गादी. परंपरा अशी सांगते, की त्यांनी सुरतेहून आणि इतर ठिकाणांहून विणकर आणून इथे वसवले, आणि इथल्या पहिल्या साड्या व पागोटी राजवाड्यात येणाऱ्या पाहुण्यांना आणि नात्यागोत्यात भेट देण्यासाठी विणली गेली. म्हणजे हे वस्त्र जन्मापासूनच भेटीचे आहे. लेकीला मी हे सांगितले तेव्हा ती प्रथमच हसली.

वाड्याकडून घाटावर उतरताना दगडी भिंतींवरची नक्षी पाहावी. नर्मदेच्या लाटांसारखी वळणावळणाची ‘लहर’, एकात एक गुंफलेली ‘चटई’, विटांच्या रचनेसारखी ‘ईंट’, चौकोनी ‘हिरा’. हीच नक्षी साडीच्या काठावर उतरते आणि विणकर तिला याच नावांनी ओळखतात. घाटावर बसून मुलीने आपल्या वहीत चार काठांची चित्रे काढली. आम्ही अर्धा तास तिथे बसलो. पाणी संथ होते, पलीकडच्या काठावर धूसर झाडे, एक नाव वाळूवर ओढून ठेवलेली. त्या अर्ध्या तासात साडीचा विषय कुणी काढला नाही.

महेश्वरी साडी अंगभर साधी असते. बारीक चौकडी, उभ्या रेघा किंवा नुसता एक रंग. तिची ओळख काठात आणि पदरात. पदरावर एकाआड एक रंगांचे पाच पट्टे असतात. काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, त्याला ‘बुगडी’ म्हणतात, आणि त्यामुळे साडी उलटसुलट कशीही नेसता येते. इंदूरकडच्या आपल्या बायका पदर उजव्या खांद्यावरून पुढे आणतात, आपण डाव्या खांद्यावर मागे टाकतो. या साडीला दोन्ही चालते. पूर्वीचे रंगही नावाने मागावेत. अंगुरी म्हणजे द्राक्षाचा हिरवा, डाळिंबी, जांभळा, आणि तपकिरीचा तो गडद, शांत रंग.

आता मुख्य अडचण. आज महेश्वरमध्ये जी साडी सर्वाधिक दिसते तिचा ताणा रेशमी आणि बाणा सुती असतो. ताणा म्हणजे मागावर लांबीने ताणलेले उभे धागे, बाणा म्हणजे धोट्याने आडवा टाकलेला धागा. या मिश्र कापडाला तिथे ‘नीम रेशमी’ म्हणतात, नीम म्हणजे अर्धे. हात लावला तर ते सुतासारखे मऊ, उजेडात धरले तर रेशमासारखे लकाकणारे. त्याखेरीज पूर्ण सुती साडीही विणली जाते, ती 80 ते 100 नंबरच्या बारीक सुताची असते आणि फार सुरेख असते. पण नुसते डोळ्यांनी पाहून दोहोंत फरक करणे नवख्याला जमत नाही. कारण आजकाल सुतालाही मर्सराइज करून चकाकी आणतात.

पहिल्या दुकानात आम्ही सांगितले, शुद्ध सुती पाहिजे. दुकानदाराने गादीवर डाळिंबी रंगाची एक साडी उलगडली आणि लेकीचे डोळे तिथेच खिळले. काठावर लहर, वजन हातरुमालाएवढे वाटावे असे. ‘‘प्युअर कॉटन,’’ तो म्हणाला. किंमत तीन हजारांच्या आत सांगितली, थोडी घासाघीस केली तर आमच्या मर्यादेत बसली असती. लेक पाकिटाकडे हात नेत होती. पण तिचे वडील जन्मभर कापडात आहेत. त्यांनी साडीच्या पदराच्या टोकाला लोंबणारे धागे बोटांत धरले आणि दुकानदाराची परवानगी घेऊन त्यातला एक तोडला. मग दुकानाबाहेर, कापडापासून दूर, चिमट्याने धरून त्याला काडी लावली.

धागा आक्रसला, त्याला जळल्या केसाचा वास आला आणि टोकाला काळा गोळा राहिला. बोटांत चुरगळला तर त्याची पूड झाली. ते रेशीम होते.

ही परीक्षा आपल्या घरांतल्या कापडव्यापाऱ्यांना माहीत असते, पण नव्या पिढीला दाखवलेली नसते, म्हणून सविस्तर लिहिते. रेशीम आणि लोकर प्राण्यापासून येतात, त्यांना जळताना केसासारखा वास येतो आणि मागे चुरडता येणारी काळी राख उरते. सूत कागदासारखे जळते, ज्वाळा विझली तरी टोक निखाऱ्यासारखे पुढे सरकत राहते, वासही जळल्या कागदाचा आणि राख करडी, हलकी. आर्ट सिल्क म्हणजे व्हिस्कोस, तोही कागदासारखाच जळतो. तो लाकडाच्या लगद्यापासून होतो, किड्यापासून नाही, तेव्हा नाव ऐकून दचकू नये. पॉलिस्टर मात्र वितळते, काळा धूर सोडते आणि थंड झाल्यावर टणक मणी होतो, जो बोटाने फुटत नाही.

दुकानदाराला राग आला नाही. तो म्हणाला, रेशमी ताण्याला आम्ही कॉटनच म्हणतो, कारण अंगाला लागते ते सूत. आणि यात तो लबाडी करत होता असे मला वाटत नाही. त्याच्या बाजारात दोन्हीकडून रेशीम असेल तर ते ‘सिल्क’, बाकी सारे ‘कॉटन’. गिऱ्हाईक वासाने कापड घेत नाही, हे त्याचेही खरे. पण ज्यांनी त्याग केला आहे त्यांच्यासाठी अर्धे रेशीम म्हणजे रेशीमच.

लेकीने तेव्हा मला विचारले, रेशमात नेमके काय होते? ती पंचवीस वर्षांची, लेखापालाची परीक्षा पास झालेली. पण हे तिला कुणी नीट सांगितले नव्हते, मीही नाही. घाटाकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर उभे राहून तिच्या वडिलांनी सांगितले. रेशमाचा किडा आपल्याभोवती एकाच सलग धाग्याचा कोश विणतो. तो धागा काहीशे मीटर लांब असतो. पतंग होऊन किडा बाहेर पडला तर कोश फुटतो आणि धागा तुटतो, मग तो सलग उलगडता येत नाही. म्हणून पतंग होण्याआधीच कोशांना वाफ किंवा गरम हवा देतात आणि किडा आतच मरतो. एका पूर्ण रेशमी साडीला असे काही हजार कोश लागतात. लेक काही बोलली नाही. पतंग बाहेर पडल्यानंतरच्या कोशांपासून कातलेले ‘अहिंसा रेशीम’ही मिळते, असे तिने मोबाइलवर वाचून विचारले. मी म्हटले, मिळते. पण विहीणबाईंचा नियम रेशमाचा आहे, त्यातली पळवाट आपण त्यांच्यासाठी शोधू नये. दुसऱ्याच्या व्रताचा अर्थ लावायला जाणे हा पहिल्या भेटीतला सर्वांत महाग प्रकार आहे.

मग आम्ही बाजार सोडून विणकरांच्या वस्तीकडे वळलो. किल्ल्यातही हातमाग आहेत. 1970 च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्याच्या पुढाकाराने तिथे ‘रेहवा’ संस्था सुरू झाली आणि मरगळलेल्या धंद्याला तिने हात दिला. पण आम्हांला मागाजवळ बसून धागा पाहायचा होता, म्हणून एका विणकराचे घर गाठले. ओसरीवर त्याची आई चरख्यावर कांड्या भरत होती, आत मुलगा माग चालवत होता. पायाने पावडी दाबली की ताणा उघडतो, धोटा सटकन आरपार जातो, फणी ठोकली जाते. साधी चौकडीची साडी विणायला तीन-चार दिवस लागतात, आणि मागावर ताणा चढवायचे काम वेगळेच.

म्हाताऱ्या मावशींना आम्ही अडचण सांगितली. त्यांना ती नवी नव्हती. त्यांनीच मग खरी गोष्ट समजावली, जी कापडाच्या दुकानात बसूनही आमच्या यजमानांना ठाऊक नव्हती. साडीत एक ताणा नसतो, त्या म्हणाल्या. अंगाचा ताणा वेगळा आणि काठाचा वेगळा. काठाची नक्षी मागावरच्या डॉबीने जास्तीचे उभे धागे उचलून काढतात, आणि अंग सुती असले तरी ते जास्तीचे धागे रेशमाचे किंवा जरीचे असू शकतात. पदराचे पट्टे आडव्या धाग्याचे. तिथेही बाणा बदलतो. तेव्हा धागे चार पाहायचे. अंगाचा ताणा, अंगाचा बाणा, काठ आणि पदराचा पट्टा.

आमच्या यजमानांनी दुकानात एकच धागा जाळला होता. तो योगायोगाने रेशमाचा निघाला. सुताचा निघाला असता तर आम्ही ती साडी निश्चिंतपणे घेतली असती.

हे धागे साडीला इजा न करता कसे मिळवायचे, तेही मावशींनी दाखवले. पदराच्या टोकाला जी झालर लोंबते, ती ताण्याचीच असते. मधल्या भागातला धागा अंगाचा, कडेचा धागा काठाचा. बाणा हवा तर साडीच्या दुसऱ्या, कापलेल्या टोकाचा एक आडवा धागा सोडवायचा. पदराच्या पट्ट्यासाठी काठाशी पाहायचे. जिथे रंग बदलतो तिथे धाग्याचे छोटे शेपूट आत वळवलेले असते, त्यातले बोटभर पुरते.

जरीचे प्रकरण आणखी अवघड. अस्सल जरी म्हणजे चांदीची चपटी तार, रेशमी धाग्यावर गुंडाळलेली आणि वर सोन्याचा मुलामा. म्हणजे वरून धातू दिसला तरी पोटात रेशीम. खऱ्या जरीचे पदर उसवले की आतला लाल-केशरी धागा दिसतो. बाजारात ‘टेस्टेड’ म्हणून मिळणारी जरी तांब्याच्या तारेची असते आणि प्लास्टिकच्या पातळ पट्टीची जरी त्याहून स्वस्त. या दोहोंच्या आत बहुधा सूत किंवा कृत्रिम धागा असतो. पण ‘बहुधा’वर नियम पाळता येत नाही. वरची तार नखाने मागे सारून आतला धागा वेगळा जाळून पाहावा लागतो. इथे गमत अशी, की जी जरी सर्वांत महाग तीच आपल्याला चालत नाही. त्यामुळे खर्च आपोआप आटोक्यात राहतो.

मावशींनी तीन पूर्ण सुती साड्या काढल्या. पहिलीला सुंदर जरीचा काठ होता. आतला धागा उसवून पाहिला तर तो रेशमी निघाला. दुसरी अंगुरी रंगाची, काठ रंगीत धाग्याचा, लेकीला फार आवडली. अंगाचा ताणा सूत, बाणा सूत, काठ सूत. मी मनात सुटकेचा श्वास टाकला होता. पण पदराच्या पट्ट्याचे शेपूट जाळले आणि पुन्हा तोच केसांचा वास. विणकर आतून उठून आला, कांड्यांची टोपली धुंडाळली, म्हणाला, या पट्ट्याला दुसऱ्या साडीतून उरलेले रेशीम वापरले असेल, पिवळा रंग संपला होता. त्याला खरोखर वाईट वाटले. पण आम्ही काडी लावली नसती तर हे त्यालाही आठवले नसते.

तिसरी साडी तपकिरी रंगाची होती. काठावर बारीक चटई, तीही गडद लाल सुताने विणलेली, चकाकी अजिबात नाही. चारही धागे कागदासारखे जळले आणि राख करडी पडली. लेकीने साडी हातात घेतली, मग बाजूला ठेवलेल्या अंगुरीकडे पाहिले. तिच्या मनात काय चालले होते ते मला दिसत होते. पहिल्याच भेटीत इतके साधे, इतके काळपट वस्त्र द्यायचे? थोरली सून काय म्हणेल? मी काही बोलले नाही. तिने साडी उलगडून उजेडात धरली. महेश्वरीचे सूत इतके बारीक असते की पलीकडची खिडकी त्यातून दिसली. मग ती म्हणाली, ‘‘त्यांच्या वयाला हा रंग शोभेल. मला अंगुरी शोभला असता.’’ आणि तिने पाकीट उघडले.

किंमत 2,100 रुपये पडली. घासाघीस केली नाही. चार दिवसांची मजुरी, सूत, रंग आणि म्हातारीने भरलेल्या कांड्या यांचा हिशेब आमच्या यजमानांनी मनात केला आणि मान हलवली. लेकीला उरलेल्या चारशे रुपयांत काजूची पेटी घालायची होती. मी नको म्हटले. नारळ आम्ही घरून आणला होता, तेवढे पुरे.

पण एक गोष्ट आम्ही मागून घेतली, आणि ती कुठल्याही दुकानात मिळाली नसती. बाजारातल्या खुणांवर या कामी विसंबता येत नाही. हँडलूम मार्क सांगतो की कापड हातमागाचे आहे. त्यातला धागा कोणता, हे तो सांगत नाही. भौगोलिक मानांकन महेश्वरचे नाव राखते, सुताची खात्री देत नाही. सिल्क मार्क आपल्या दृष्टीने उलट्या कामाचा; तो असला तर साडी घ्यायचीच नाही, पण नसला म्हणून रेशीम नाही असे होत नाही. म्हणून लेकीने विणकराकडून एका कागदावर लिहून घेतले. अंगाचा ताणा सूत, बाणा सूत, काठ सूत, पदर सूत, जरी नाही. खाली त्याचे नाव, गाव आणि तारीख. मावशींना लिहिता येत नव्हते. त्यांनी तपकिरी साडीच्या चारही ठिकाणांहून काढलेले धागे त्या कागदाला दोऱ्याने बांधून दिले आणि निघताना सांगितले, पहिल्या वेळी मीठ घातलेल्या थंड पाण्यात वेगळी धुवायची, रंग पक्का असला तरी.

इंदूरला पोहोचायला दिवेलागण झाली. विहीणबाई दारात उभ्या होत्या, एका हाताने काठी धरून. साधी सुती साडी, डोक्यावर पदर. लेकीने वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी गुडघ्याची पर्वा न करता तिला उठवायला पुढे झुकल्या आणि थोरल्या सुनेने घाईने त्यांना सावरले. चहा झाला, चौकशा झाल्या. मग लेकीने नारळ आणि साडी दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी साडीवरून बोटे फिरवली आणि बोटे थांबली. महेश्वरी आहे हे त्यांनी ओळखले. इंदूरच्या बाईला ते ओळखता येतेच. चेहऱ्यावर किंचित संकोच आला. नकार द्यायचा कसा, याचा विचार त्या करत असाव्यात. काही बोलायच्या आत लेकीने घडीतून तो कागद काढून त्यांच्या हातात दिला.

चष्मा मागवला गेला. त्यांनी कागद वाचला, मग चारही धागे एकेक करून चिमटीत धरून पाहिले. थोरली सून खांद्यावरून वाचत होती. तिने मोकळेपणाने विचारले, ‘‘पदराचाही पाहिलास?’’ लेक म्हणाली, ‘‘हो वहिनी, एक साडी पदरासाठीच परत ठेवली.’’ तिने मग दुकानापासून म्हातारीपर्यंतची सारी हकीकत सांगितली, जळक्या केसांच्या वासासकट, आणि दोघी जावा हसू लागल्या. विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, ‘‘हे सारे तुझ्या पैशांनी?’’

‘‘हो, मम्मीजी.’’

‘‘किती पडले?’’

मी श्वास रोखला. पहिल्या भेटीत किंमत विचारत नाहीत. पण व्यापाऱ्याच्या घरात विचारतातही. लेकीने खरे ते सांगितले. विहीणबाईंनी मान डोलावली, थोरल्या सुनेकडे वळल्या आणि म्हणाल्या, ‘‘सहा वर्षांत मला कुणी साडी द्यायची हिंमत केली नाही. सगळे पाकीट देतात.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याख्यानाला जायचे होते. मी लवकर उठून बाहेर आले तर अंगणातल्या दोरीवर तपकिरी साडी वाळत होती आणि खालच्या बादलीत मिठाच्या पाण्याला फिकट रंग आला होता. विहीणबाई खुर्चीवर बसून, काठी मांडीवर आडवी धरून, ती वाळण्याची वाट पाहत होत्या.